कर्ज 10 टक्क्यांनी मिळतंय, मग प्रोजेक्टला 12 टक्के का लावायचे?

आमच्या प्रोजेक्टचा सगळा पैसा कर्जातून येणारे, 10 टक्क्यांनी. तरी फायनान्सवाले 12 नेच डिस्काउंट करतायत. चुकतायत ना?

नाही, बरोबर करतायत. समजा कंपनीच्या शेअर्सची बाजारातली किंमत 600 आहे आणि कर्ज 400. शेअरहोल्डरांची अपेक्षा 15 टक्के, कर्ज 10 चं पण व्याजावर 25 टक्के टॅक्स वाचतो म्हणून खरं पडतं 7.5 ला. 15 चे 60 टक्के आणि 7.5 चे 40 टक्के, बेरीज 12, हाच वॅक, म्हणजे भांडवलाचा भारित सरासरी खर्च. आता आज 100 घालून वर्षाने 109 येणार असतील तर 7.5 ने प्रोजेक्ट 1.4 फायद्यात दिसतो आणि 12 ने 2.7 तोट्यात. पण बँक तुमच्या एकट्या प्रोजेक्टकडे बघून पैसे देत नाहीये, मागे शेअरहोल्डरांचे 600 उभे आहेत म्हणून देतेय, आणि कर्जाची ऐपत तुम्ही आज वापरून टाकली की पुढच्या प्रोजेक्टला शेअर्स काढूनच पैसा आणावा लागेल, मग त्या बिचाऱ्याला 15 लावणार का?

शेअर्स आणि कर्जाचं प्रमाण बॅलन्सशीटवरून घेतलं तर चालेल?

कर्जाचं बहुतेक वेळा चालून जातं, शेअर्सचं नाही. पुस्तकात इक्विटी 200 च असेल तर वॅक 10 येतो आणि 11 टक्के देणारा प्रोजेक्ट उगाच पास होतो.

नवीन धंद्यात उतरतोय. त्यातल्या लिस्टेड कंपनीचा बीटा आमच्याइतकाच, 1.5 आहे. मग आमचाच वॅक लावू?

थांबा, आधी त्यांचं कर्ज बघा. बीटामध्ये धंद्याची जोखीम आणि कर्जाची जोखीम दोन्ही मिसळलेल्या असतात. समजा त्यांचं कर्ज इक्विटीच्या एक तृतीयांश आहे आणि टॅक्स तोच. 1.5 ला 1.25 ने भागा (1 अधिक 0.75 गुणिले एक तृतीयांश), नुसत्या धंद्याचा बीटा 1.2 निघतो. तुमचं कर्ज इक्विटीच्या दोन तृतीयांश, म्हणून तुमच्या बीटाला भागायचं 1.5 ने, उरतो 1. म्हणजे नवा धंदा जास्त जोखमीचा आहे, तुमच्या जास्त कर्जामुळे आकडे सारखे दिसतायत इतकंच. आता 1.2 वर तुमचं कर्ज चढवा, 1.8 होतो. बिनजोखमीचा दर 6 आणि मार्केट प्रीमियम 6 धरला तर इक्विटीचा खर्च 16.8 आणि वॅक साधारण 13. खरं तर एका कंपनीवर विसंबू नका, चार-पाच घ्या, एकट्या बीटात गोंगाट फार असतो. आणि सरसकट 12 लावत राहिलात तर जोखमीचे प्रोजेक्ट आत येत राहतात, सुरक्षित बाहेर पडतात, आणि काही वर्षांनी कंपनीचा स्वतःचाच वॅक 12 राहत नाही.

कॅश फ्लोमधून व्याज वजा करायचं की नाही?

अजिबात नाही, ते 12 मध्ये आधीच धरलंय. टॅक्ससुद्धा कर्ज नसल्यासारखाच काढायचा, कारण व्याजावरची टॅक्स बचत 7.5 मध्ये येऊन गेलीये. शीटमध्ये डिस्काउंट करायच्या आधी व्याजाची ओळ दिसली की समजा खर्च दोनदा मोजलाय.