जोखमीचे पाच वर्ग दाखवणारा नकाशा रंगांध लोकांनाही वाचता यावा आणि काळ्या-पांढऱ्या प्रिंटमध्येही टिकावा, यासाठी रंग कसे निवडायचे?

लाल-हिरवी जोडी सोडा आणि रंगाआधी उजळपणा ठरवा. मी स्वतः लाल-हिरव्यात गल्लत करणारा रंगांध आहे आणि नकाशे काढणं हेच माझं काम आहे, त्यामुळे उत्तर थोडं लांबेल.

काही वर्षांपूर्वी आमच्याकडे पुराच्या जोखमीचा नकाशा होत होता. पाच वर्ग आणि रंगपट्टी RdYlGn: अति जास्त गडद लाल, जास्त नारिंगी, मध्यम फिकट पिवळा, कमी पोपटी, अति कमी गडद हिरवा. मला त्यातले नारिंगी आणि पोपटी वेगळे काढताच येईनात. सूचीत चौकोन एकाखाली एक असतात, म्हणून तिथे अंदाज बांधता येतो. नकाशात तुकडे विखुरलेले, तिथे काहीच आधार नाही. मी हे साहेबांना सांगितलं. ते म्हणाले, "अहो, लाल म्हणजे धोका, हिरवा म्हणजे सुरक्षित. सिग्नल लहान पोरालाही कळतो. तुमच्या एकट्यासाठी नकाशा बदलायचा का?" नकाशा तसाच गेला.

बैठकीत वाटले गेले ते त्याचे झेरॉक्स. नदीच्या वळणावरच्या एका पट्ट्यावर बोट ठेवून कुणीतरी विचारलं, "हा भाग जास्त जोखमीचा की कमी?" सगळे कागद डोळ्यांजवळ नेऊन बघू लागले. कुणालाच सांगता आलं नाही, साहेबांनाही नाही.

घरी येऊन मी हिशेब मांडला. रंगाचा करडा किती होतो, हे या सूत्रावरून कळतं (0 म्हणजे काळा, 255 म्हणजे पांढरा):

```
0.299*R + 0.587*G + 0.114*B
```

नारिंगी #fdae61 चे आले 189. पोपटी #a6d96a चेही 189. "जास्त" आणि "कमी" हे दोन वर्ग कागदावर अक्षरशः एकच झाले होते. गडद लाल 82 आणि गडद हिरवा 103, म्हणजे सगळ्यात सुरक्षित भागही जवळजवळ धोक्याइतकाच काळपट. आणि सगळ्यात उजळ कोण, तर मध्यम जोखीम, 248. तिथे काही धोकाच नाही असं वाटावं इतका कोरा. मला रंगीत नकाशात जे छळत होतं, तेच झेरॉक्सनं सगळ्यांच्या वाट्याला आणलं.

जोखीम एकाच दिशेनं वाढते, मग रंगही एकाच दिशेनं गडद व्हायला हवा. कलरब्रुअरची YlGnBu पट्टी घ्या. डावीकडे रंग, उजवीकडे त्याचा करडा:

```
#ffffcc  249
#a1dab4  197
#41b6c4  149
#2c7fb8  109
#253494   58
```

प्रत्येक पायरीत चाळीस ते बावन्नचा फरक आहे. रंग पूर्ण काढून टाकला तरी क्रम शाबूत राहतो, आणि माझ्यासारख्याला पिवळ्याकडून निळ्याकडे जाणारा फरकही दिसतो.

सिग्नलचा दाखला मला आजही पटत नाही. सिग्नलला मी लाल दिवा ओळखतो, कारण तो वर असतो. नकाशात लाल तुकडा कुठेही असू शकतो. जागेनं दिलेली खूण काढून घ्यायची आणि वर "सगळ्यांना कळतं" म्हणायचं, हे चूक आहे.

आता काही अडचणी. तुमची माहिती दोन्ही बाजूंना जाणारी असेल, उदाहरणार्थ वाढ आणि घट, तर ही युक्ती चालत नाही. दोन्ही टोकं गडद होणार आणि करड्यात एक दिसणार. रंगांधांसाठी जांभळा-नारिंगी (PuOr) चालेल, पण झेरॉक्ससाठी एका बाजूवर तिरक्या रेघा माराव्याच लागतील. रंगांधांसाठी सुरक्षित म्हणून मिळणारी प्रत्येक पट्टी करड्यात टिकते असंही नाही. ओकाबे-इटो संचातला नारिंगी #E69F00 करड्यात 162 होतो आणि आकाशी #56B4E9 होतो 158. जमीनवापरासारख्या, क्रम नसलेल्या वर्गांना तो संच चांगला आहे, पण झेरॉक्स होणार असेल तर तुकड्यांवर अक्षरं घाला.

QGIS मध्ये View मेनूतल्या Preview Mode मध्ये करडं आणि रंगांध, दोन्ही रूपं बघता येतात. तरीही एक खरा झेरॉक्स काढाच, आणि त्या झेरॉक्सचा पुन्हा झेरॉक्स. यंत्र सूत्राप्रमाणे वागत नाही, गडद छटा एकमेकींत मिसळून टाकतं. शेवटच्या दोन पायऱ्या तिथे एक झाल्या तर पाचाऐवजी चार वर्ग करा. आणि #253494 वर काळ्या अक्षरांत गावांची नावं टाकू नका, ती रंगीत प्रिंटमध्येही बुडतात. अक्षरांभोवती पांढरी कड द्या.