वर्कशीटचा फोटो, पंधरा गणितं आणि न दिसणारे अंक

प्रश्न: मी शाळकरी मुलांना गणिताच्या अभ्यासात मदत करते. मुलं अख्ख्या वर्कशीटचा एकच फोटो पाठवतात, त्यात पंधरा-वीस गणितं असतात आणि दोन-चार नीट दिसतच नाहीत. अशा वेळी उत्तरं कशी लिहायची? न दिसणारी सोडून द्यायची की अंदाजाने सोडवायची?

उत्तर: सोडूनही द्यायची नाहीत आणि गुपचूप अंदाजही करायचा नाही. पण हे जमण्यासाठी पहिलं गणित सोडवायच्या आधी एक काम करावं लागतं: पूर्ण पानाची यादी. फोटो मोठा करून वरून खाली जा आणि कागदावर फक्त क्रमांक लिहीत चला. पान दोन स्तंभांत छापलेलं असेल तर क्रमांक आडवे जातात की उभे, हे आधी बघा. उपप्रश्न असतील तर ४ (अ), ४ (आ) असे वेगळे लिहा. एकच क्रमांक दोनदा छापलेला असेल तर ‘६, पहिलं’ आणि ‘६, दुसरं’ लिहा, पण स्वतःचा नवा क्रम लावू नका. मूल तुमची उत्तरं वहीत उतरवताना क्रमांकावरच विसंबतं. तुम्ही आठवं गणित वगळून पुढच्याला आठ म्हटलंत, तर तिथून शेवटपर्यंतची सगळी उत्तरं चुकीच्या जागी जातात.

यादी करतानाच प्रत्येक क्रमांकापुढे खूण करा: स्वच्छ दिसतं, शंका आहे, की वाचताच येत नाही. सोडवायला बसल्यावर ही खूण करू नका, कारण तोवर मनात उत्तर तयार झालेलं असतं आणि डोळा त्या उत्तराला जुळणारा अंक बघायला लागतो.

आता एक पान डोळ्यांसमोर आणू. पंधरा गणितं आहेत, पाचव्यावर दिव्याची चकाकी आली आहे, आठव्यावर अंगठ्याची गडद सावली आहे आणि डाव्या कडेला कागदाची घडी आहे.

पाचवं असं दिसतं: x² − 7x + 1▢ = 0. शेवटचा अंक चकाकीत गेलाय, त्याचा फक्त वरचा गोलसर भाग दिसतो. आपण पटकन म्हणतो, 12 असणार, कारण (x − 3)(x − 4) असे छान अवयव पडतात, उत्तर 3 आणि 4. पण तिथे 10 असेल तरी (x − 2)(x − 5) पडतात आणि उत्तर 2 आणि 5 येतं. दोन्ही तितकीच नीटनेटकी. उत्तर ‘छान’ येतंय हा वाचन बरोबर असल्याचा पुरावा नाही, हे मला इथे अगदी ठासून सांगायचंय. शिवाय मुळं वास्तव नाहीत हे ओळखायला लावणारी गणितंही वर्कशीटवर मुद्दाम दिलेली असतात.

खरा पुरावा पानावरच शोधायचा. छापील पान असेल तर त्याच ठशातला 2 आणि 0 दुसऱ्या गणितात कसा दिसतो ते शेजारी ठेवून बघा. हस्तलिखित असेल तर त्या माणसाचा 1 आणि 7, 3 आणि 8, किंवा देवनागरीत १ आणि ९ कसे वळतात ते इतर ओळींतून समजून घ्या. फोटो कृष्णधवल करून उजेड कमी केला की चकाकीखालची फिकट रेघ कधीकधी उमटते. पाठच्या बाजूची शाई उतरल्याचा संशय आला तर फोटो आरशासारखा उलटा करून बघा. ती खूण तेव्हा सरळ अक्षर म्हणून वाचता आली, तर ती या पानाची नाहीच.

एवढं करूनही ठरलं नाही तर दोन्ही उत्तरं अटीसह द्या. शक्यता दोनच असतील तेव्हाच हे करावं. चार-पाच शक्यता लिहिल्या तर मुलाच्या हाती काहीच लागत नाही. तिथे सरळ ‘वाचता आलं नाही’ लिहा.

सगळ्यात घातक मात्र न दिसणारा अंक नसतो. काहीतरी गेलंय हेच जिथे कळत नाही, ती जागा घातक. या पानावरचं नववं गणित घ्या: 3x + 5 = 11. स्वच्छ दिसतं, उत्तर x = 2. पण ते डाव्या घडीला लागून आहे. वरच्या-खालच्या समीकरणांची पहिली अक्षरं एका उभ्या रेषेत आहेत आणि हे एकच किंचित उजवीकडून सुरू होतंय. म्हणजे घडीत बहुधा वजाचं चिन्ह गेलंय. −3x + 5 = 11 असेल तर x = −2. म्हणून घडी, कड आणि चकाकीच्या जवळचं प्रत्येक गणित स्वच्छ वाटलं तरी पुन्हा तपासा. वजाचं चिन्ह, दशांश चिन्ह आणि घातांक या तीन बारीक गोष्टी सगळ्यात आधी हरवतात, आणि त्या हरवल्या तरी उरलेलं गणित अर्थपूर्णच दिसतं.

यावर माझा भरवशाचा उपाय म्हणजे प्रत्येक उत्तराआधी गणित जसं वाचलं तसं लिहिणं. मूळ कागद मुलाच्या हातात असतो, त्यामुळे चुकीचं वाचन त्याला लगेच दिसतं. नुसतं ‘९) x = 2’ लिहिलं तर ते कुणालाच पकडता येत नाही.

एकमेकांवर अवलंबून असलेली गणितं वेगळी हाताळावी लागतात. अकराव्यात आयताची परिमिती दिली आहे पण आकडा पुसट आहे, रुंदी 8 सेमी स्पष्ट आहे, आणि बारावं त्याच आयताचं क्षेत्रफळ विचारतं. बारावं पूर्ण वाचता आलं तरी ते अकराव्यासोबत अडकलेलं आहे, तसं लिहा. पण रीत देता येते: परिमिती P असेल तर लांबी P/2 − 8, आणि क्षेत्रफळ 8 × (P/2 − 8). आकडा कळला की मूल स्वतः पुरं करेल.

तर या पानाच्या उत्तरातला मधला भाग साधारण असा दिसेल:

५) x² − 7x + 1▢ = 0, शेवटचा अंक चकाकीत. 10 असेल तर x = 2, 5. 12 असेल तर x = 3, 4.
८) वाचता आलं नाही, पूर्ण ओळ सावलीत आहे.
९) 3x + 5 = 11 असं वाचलं, x = 2. सुरुवातीला वजा आहे का ते कागदावर बघ. असेल तर x = −2.
११) रुंदी 8 सेमी. परिमितीचा आकडा वाचता आला नाही. लांबी = P/2 − 8.
१२) अकराव्यावर अवलंबून. क्षेत्रफळ = 8 × (P/2 − 8).

स्वच्छ गणितांना कुठलीही टीप लावू नका. सगळीकडेच ‘बहुधा’ लिहिलं की खरी शंका कुठे आहे ते शोधायला लागतं. शंकेच्या क्रमांकांची एक ओळ मात्र उत्तराच्या अगदी वर लिहा: ‘५, ८, ९, ११, १२ बघून घे.’ पानाच्या तळाशी लिहिलेली सूचना मुलं वाचत नाहीत, तोवर उतरवून झालेलं असतं.

पुन्हा फोटो मागताना ‘नीट फोटो पाठव’ असं म्हणू नका, तसाच दुसरा फोटो येतो. नेमकं मागा: पाचवं, आठवं आणि अकरावं, प्रत्येकाचा जवळून वेगळा फोटो, कागद सपाट करून, फ्लॅश बंद, उजेड बाजूने, बोट बाहेर. नवव्यासाठी घडी उघडून फक्त डावी कड पुरे. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवायला सांगा, म्हणजे तो दाबून लहान केला जात नाही आणि बारीक चिन्हं टिकतात. आणि हे सगळं एकाच निरोपात मागा.

नवा फोटो आला की फक्त त्याच क्रमांकांची उत्तरं, जुनेच क्रमांक ठेवून पाठवा, आणि अकरावं सुटल्यामुळे आता बारावंही पूर्ण होतं, हे त्यात लिहा. एखादं वाचन बदललं असेल तर ‘नववं: आधीचं 2 खोड, −2 लिही’ असं स्पष्ट सांगा. नाहीतर वहीत दोन्ही उत्तरं राहतात.