बीटा एकपेक्षा कमी आला, म्हणजे जुनी मोटर नव्यापेक्षा मजबूत का?

प्रश्न: तासगाव भागातल्या सबमर्सिबल मोटरी कधी जळाल्या याची वही माझ्याकडे आहे. त्या वयांवर वायबुल हे सांख्यिकी वितरण बसवल्यावर त्याचा आकार ठरवणारा आकडा, म्हणजे बीटा (β), ०.५ आला. म्हणजे मोटर जुनी होईल तशी मजबूत होते का? दर दोन वर्षांनी मोटर वर काढून रिवाइंड करून घ्या, असे शेतकऱ्यांना सांगावे का?

उत्तर: मी सांगली परिसरात पंप आणि मोटरींच्या देखभालीचे काम करतो आणि अशीच एक वही माझ्याकडेही आहे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो, कारण त्यात शेतकऱ्याचा पैसा गुंतलेला आहे. आपला बीटा खरोखरच ०.५ असेल, तर चालत्या मोटरीला केवळ वय झाले म्हणून हात लावू नये. पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. मात्र ते का, हे समजण्यासाठी हझार्ड रेट म्हणजे काय हे नीट पाहावे लागेल.

हझार्ड रेट, म्हणजे बिघाडाचा दर, एवढेच सांगतो की ज्या मोटरी आज या वयापर्यंत टिकल्या आहेत, त्यांच्यापैकी किती मोटरी लगेचच्या काळात जातील. ज्या आधीच जळाल्या त्या या हिशेबातून बाहेर पडलेल्या असतात. वायबुलमध्ये हा दर असा येतो:

h(t) = (β/η) · (t/η)^(β−1)

येथे t म्हणजे वय. η म्हणजे असे वय की त्याच्या आत सुमारे ६३ टक्के मोटरी गेलेल्या असतात, मग बीटा काहीही असो. दर वयानुसार चढणार की उतरणार हे η ठरवत नाही. ते ठरते केवळ β−1 या घातावरून. बीटा एकपेक्षा कमी असला की घात ऋण होतो आणि दर उतरत जातो, बीटा एक असला की वय सूत्रातून निघूनच जाते, आणि एकपेक्षा जास्त असला की दर चढतो. बीटा दोन असेल तर तो सरळ रेषेत चढतो.

आपला बीटा ०.५ धरू आणि η १०० महिने मानू. मग दर ०.०५ भागिले वयाचे वर्गमूळ इतका होतो, म्हणजे पहिल्या महिन्याच्या शेवटी महिन्याला ५ टक्के, चौथ्या महिन्याला अडीच टक्के आणि पंचविसाव्या महिन्याला १ टक्का. आता दोन वर्षे चाललेली मोटर आणि नुकतीच रिवाइंड केलेली मोटर शेजारी ठेवून, पुढच्या बारा महिन्यांत ती जळण्याची शक्यता काढा. जुन्या मोटरीसाठी ती सुमारे १० टक्के येते आणि नव्यासाठी सुमारे २९ टक्के. म्हणजे शेतकऱ्याने मोटर वर काढण्याची आणि वाइंडिंगची मजुरी देऊन आपली जोखीम जवळजवळ तिप्पट करून घेतली.

हेच गणित बीटा २ आणि η ५० महिने घेऊन केले की चित्र उलटे होते: नव्या मोटरीची पुढच्या वर्षातली जोखीम साडेपाच टक्क्यांच्या आसपास आणि दोन वर्षांच्या मोटरीची २५ टक्के. ठरावीक मुदतीने भाग बदलण्याला अर्थ येतो तो अशाच ठिकाणी.

आता मजबुतीविषयी. तांब्याची तार आणि तिच्यावरचे प्लॅस्टिकचे आवरण बोअरच्या पाण्यात राहून सुधारत नाही. तरीही दर उतरताना दिसतो, त्याचे कारण बहुधा असे असते की आपल्या वहीत दोन जातींच्या मोटरी एकत्र लिहिलेल्या आहेत. हिशेबासाठी मी आकडे मनाने घेतो. समजा, शंभर मोटरींपैकी २० मोटरींत केबलच्या जोडावर टेप नीट बसलेली नाही किंवा स्लॉटमध्ये तार सारताना आवरणाला ओरखडा गेला आहे, आणि त्या महिन्याला २० टक्के या ठाम दराने जातात. उरलेल्या ८० चांगल्या आहेत आणि महिन्याला १ टक्का या ठाम दराने जातात. कोणत्याही एका मोटरीचा दर वयाने बदलत नाही. सुरुवातीला एकत्रित दर ४.८ टक्के येतो. वर्षभराने सदोष मोटरींपैकी जेमतेम दोन उरतात आणि चांगल्यांपैकी सुमारे ७१. त्यांचा एकत्रित दर होतो दीड टक्का. एकही मोटर सुधारली नाही. कच्च्या मोटरी आधी गळून गेल्या आणि मागे राहिल्या त्या पक्क्या.

म्हणून माझ्या मते बीटा ०.५ हे मोटरीबद्दलचे विधान नसून दुरुस्तीच्या कामाबद्दलचे विधान आहे. आमच्या वहीतही बीटा असाच कमी येत होता. मोटर कोणत्या कारागिराकडून भरून आली हे मी शेजारी लिहायला लागलो, तेव्हा पहिल्या तीन महिन्यांतले बहुतेक बिघाड एकाच ठिकाणच्या कामाचे निघाले आणि मोटर उघडल्यावर पाणी जोडातूनच शिरलेले दिसले. तिथे इलाज मुदतीचा नव्हता. मोटर बोअरमध्ये सोडण्याआधी ती काही तास पाण्यात बुडवून ठेवून मेगरने इन्सुलेशन तपासणे, हा होता.

मिश्रण आहे की नाही हे ओळखण्याचा मार्ग आलेखात आहे. आडव्या अक्षावर ln t आणि उभ्या अक्षावर ln(−ln(1−F)) मांडले, जिथे F म्हणजे त्या वयापर्यंत गेलेल्यांचे प्रमाण, तर खऱ्या वायबुलचे बिंदू एका सरळ रेषेवर येतात आणि तिचा चढ म्हणजेच बीटा. बिंदू मध्येच वाकत असतील, तर त्या वाकलेल्या रेषेतून सरासरीने काढलेल्या ०.५ वर विसंबू नका. आधी बिघाडाच्या कारणानुसार वही वेगळी करा. थ्रस्ट बेअरिंग वाळूने झिजून गेलेल्या मोटरींचा बीटा एकपेक्षा जास्त येण्याची मला अपेक्षा आहे, कारण झीज साचत जाते. एक फेज गेल्यामुळे जळालेल्यांचा तो एकच्या जवळपास यावा, कारण फेज जाताना मोटरीचे वय पाहून जात नाही. बेअरिंगसाठी वय महिन्यांत न मोजता चालू तासांत मोजा. पावसाळ्यात बंद पडून राहिलेली मोटर झिजत नाही.

हे करताना एक चूक फार सहज होते. ज्या मोटरी अजून चालू आहेत, त्यांच्या नोंदी लोक टाकून देतात, कारण त्यांना ‘बिघाडाची तारीख’ नसते. असे केले की η खरा आहे त्याहून लहान येतो आणि बीटा फुगतो, म्हणजे नसलेली झीज दिसू लागते. चालू मोटर ‘इतक्या महिन्यांपर्यंत टिकली’ अशी अपूर्ण नोंद म्हणून हिशेबात राहिलीच पाहिजे. बेअरिंगचा बीटा काढताना वाइंडिंग जळून वर आलेली मोटरही तशीच धरायची, कारण तिचे बेअरिंग त्या दिवसापर्यंत शाबूत होते.

शेवटी वय कुठून मोजले आहे ते तपासा. रिवाइंड केल्यावर वाइंडिंगचे वय शून्य होते. बेअरिंग तेच ठेवले असेल तर त्याचे होत नाही. आपल्या वहीत एकच तारीख असेल, तर या दोन्हींसाठी दोन रकाने करून तोच हिशेब पुन्हा करावा. त्यात बेअरिंगचा बीटा दोनच्या वर आला, तर शेतकऱ्याला मुदत सांगता येईल, पण ती मुदत बेअरिंग बदलण्याची असेल, रिवाइंडिंगची नाही.