दाखल्याची मुदत नेमकी कोणत्या दिवशी सुरू होते?

प्रश्न : वकीलताई, मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी उत्पन्नाचा दाखला हवा म्हणून ३ जूनला सेवा केंद्रातून अर्ज केला. पावतीवर १५ दिवस लिहिलंय. ओळख आणि पत्त्यासाठी आधार कार्ड, उत्पन्नासाठी तलाठ्याचा अहवाल, स्वयंघोषणापत्र, सगळं जोडलं होतं. १६ जूनला अर्ज परत आला, ‘त्रुटी : रेशनकार्ड जोडा’. जोडलं. ३० जूनला पुन्हा, ‘त्रुटी : चालू वीजबिल जोडा’. २ जुलैला तेही दिलं. आज ८ जुलै. खिडकीवर म्हणतात, शेवटची त्रुटी पूर्ण केल्यापासून पंधरा दिवस नव्यानं मोजायचे. त्याच खिडकीच्या वर आयएसओ मानांकनाची चौकट टांगलेली आहे. ते सांगतात ते खरं का? मी काय करू?
– एक शेतकरी, सोलापूर जिल्हा

उत्तर : नमस्कार दादा. खिडकीवर सांगितलं ते अर्धं खरं आहे, आणि तुमचं सगळं प्रकरण त्या अर्ध्यावरच उभं आहे.

महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ च्या कलम ५ प्रमाणे मुदत सुरू होते ती आवश्यक कागदपत्रांसह अर्ज दिल्याच्या तारखेपासून. म्हणजे यादीतला एखादा कागद तुम्ही खरोखर जोडला नसेल, तर तो देईपर्यंत घड्याळ थांबलेलं आहे, हे कार्यालयाचं म्हणणं बरोबर. पण ‘आवश्यक’ कशाला म्हणायचं हे खिडकीमागचा माणूस ठरवत नाही. उत्पन्नाच्या दाखल्याची कागदपत्रांची यादी ‘आपले सरकार’ पोर्टलवर दिलेली आहे. तिच्यात ओळखीचा पुरावा, पत्त्याचा पुरावा, उत्पन्नाचा पुरावा असे गट आहेत आणि गटाच्या नावापुढे ‘किमान एक’ असं लिहिलेलं असतं. पत्त्याच्या गटात आधार कार्ड आहे, रेशनकार्ड आहे, वीजबिलही आहे. त्यातलं एक तुम्ही ३ जूनलाच दिलं. रेशनकार्ड आणि वीजबिल मागणं म्हणजे ‘किमान एक’च्या जागी ‘तिन्ही’ मागणं. ती त्रुटी नव्हे, वाढीव मागणी आहे. माझ्या मते तुमचा अर्ज पहिल्याच दिवशी परिपूर्ण होता आणि पंधरा दिवस १८ जूनला संपले.

आता एक गोष्ट तपासा. आधारवरचा पत्ता आणि अर्जातला पत्ता एकच आहे ना? आधारवर जुन्या गावचा पत्ता असेल, तर दुसरा पुरावा मागण्यात तथ्य आहे आणि तुमची बाजू तिथे लंगडी पडेल. तसंच अपलोड केलेली प्रत वाचता येते का, तेही केंद्रात जाऊन पडद्यावर बघून घ्या. केंद्रचालक घाईत मोबाइलवर फोटो काढून चढवतात आणि अक्षरच लागत नाही. ती चूक कार्यालयाच्या माथी मारता येणार नाही. हे दोन्ही ठीक असेल तर पुढचं वाचा.

कायद्याने अधिकाऱ्यापुढे दोनच वाटा ठेवल्या आहेत. मुदतीत सेवा द्यायची, नाहीतर कारणं लेखी नोंदवून अर्ज फेटाळायचा. फेटाळला तर अपील किती दिवसांत आणि कोणाकडे करायचं हेही लेखी कळवायचं. तुमच्या बाबतीत दोन्ही झालं नाही. अर्ज दोनदा नुसता परत आला. हा तिसरा रस्ता लोकप्रिय का आहे, ते तारखांवरून दिसतं. पहिली त्रुटी तेराव्या दिवशी निघाली, मुदत संपायला दोन दिवस राहिले असताना. परत पाठवलेला अर्ज कार्यालयाच्या ‘प्रलंबित’ रकान्यातून उठतो आणि अर्जदाराच्या नावावर जाऊन बसतो. मासिक गोषवाऱ्यात वेळेत निकाली निघालेल्यांची टक्केवारी छान दिसते. मी हे काही वर्षांपूर्वी दुसऱ्या एका तालुक्यातल्या प्रकरणात प्रथम पाहिलं. तिथल्या कारकुनाने मोकळेपणाने सांगितलं की मुदतीच्या आदल्या दोन दिवसांत तो रोज सकाळी यादी काढून बसतो.

त्या कारकुनाला मी खलनायक म्हणणार नाही. दाखला उद्या खोटा निघाला तर चौकशी त्याची होते. दाखला महिनाभर रखडला तर बहुतेक वेळा कोणाचीच होत नाही. मग तो एक कागद जास्त मागून स्वतःची पाठ राखतो. गुणवत्ता व्यवस्थापनाची मंडळी नेमकं हेच सांगतात, की उशीर टेबलावरच्या माणसात कमी आणि कामाच्या रचनेत जास्त असतो. अर्ज घेणाऱ्या केंद्राकडे एक यादी आणि तपासणाऱ्या लिपिकाच्या डोक्यात दुसरी, अशी स्थिती असेल तर पहिल्याच फेरीत अर्ज पार होणार कसा? खरं मोजमाप ‘किती दिवसांत दिला’ हे नसून ‘शंभरातले किती अर्ज एकदाही परत न जाता पार झाले’ हे आहे. ते कोणी मोजत नाही, म्हणून तेरावा दिवस महत्त्वाचा होतो.

आता ती चौकट. आयएसओ ९००१ हे मानांकन दाखल्याला नसतं, कार्यालयाच्या काम करण्याच्या पद्धतीला असतं. प्रमाणित करणारी संस्था येऊन बघते की तुम्ही लिहून ठेवलेल्या पद्धतीने वागता का, तक्रारी नोंदवता का, चूक झाली तर तिचं मूळ शोधून दुरुस्ती करता का. साधारणपणे ते तीन वर्षांचं असतं आणि अधूनमधून तपासणी व्हावी लागते. त्यामुळे चौकटीवरची तारीख वाचा, कारण बऱ्याच चौकटी मुदत संपल्यावरही भिंतीवरच राहतात. सरकारी सेवांसाठी भारतीय मानक ब्युरोचं वेगळं मानकही आहे, आयएस १५७००. त्यात सेवेची पातळी आणि मुदत जाहीर करणं आणि तक्रार निवारण यांवर भर आहे. पण या दोन्हींतून तुम्हाला दाद मागण्याचा हक्क मिळत नाही. चौकट दाखवून अपील जिंकता येत नाही, म्हणून अर्जात तिच्यावर परिच्छेद खर्च करू नका. तुमचा हक्क २०१५ च्या अधिनियमातूनच येतो.

अपिलाकडे येऊ, कारण इथे एक सापळा आहे. कलम ९ प्रमाणे पहिलं अपील मुदत संपल्यापासून ३० दिवसांत करायचं. आपल्या हिशेबाने मुदत १८ जूनला संपली, म्हणजे अपिलाचा शेवटचा दिवस १८ जुलै. कार्यालयाच्या हिशेबाने २ जुलैपासूनचे पंधरा दिवस १७ जुलैला भरतात. त्यांच्या शब्दावर थांबलात तर तुमच्या हातात एकच दिवस उरेल. योग्य कारण दाखवलं तर प्रथम अपील अधिकारी ३० दिवसांनंतरही, पण एकूण ९० दिवसांपर्यंतच, अपील दाखल करून घेऊ शकतात, पण माफी मागायची वेळ का आणायची? या आठवड्यातच अपील करा. ‘आपले सरकार’ पोर्टलवरून करता येतं, किंवा कागदावर लिहून आवक शिक्क्यासह पोच घेऊनही. अपील अधिकारी कोण, ते कार्यालयातल्या सेवांच्या फलकावर लिहिलेलं असतं. फलक नसेल तर ती गोष्टही अपिलात एका ओळीत लिहा, कारण असा फलक लावणं कायद्यानेच बंधनकारक आहे.

अपील एका पानात बसवा. अर्ज क्रमांक आणि ३ जून ही तारीख, जोडलेल्या कागदांची नावं, दोन्ही त्रुटींच्या तारखा आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे, पोर्टलवरच्या यादीची छापील प्रत. ही प्रत आजच काढून ठेवा, त्यावर तारीख येईल अशी. मग तीन मागण्या करा. दाखला ताबडतोब द्यावा. मुदत ३ जूनपासून मोजून १८ जूनला संपल्याचं आदेशात नोंदवावं. विलंबाला पुरेसं कारण होतं का यावर निर्णय देऊन कलम १० खाली शास्तीचा विचार करावा.

दुसरी आणि तिसरी मागणी सोडू नका. नेहमी घडतं असं, की अपील पडताच चार दिवसांत दाखला हातात येतो आणि सुनावणीत ‘सेवा दिली, सबब अपील निकाली’ अशी एक ओळ लिहिली जाते. उशिराचा प्रश्न तिथेच पुरला जातो. पोर्टलवरच्या अर्जाच्या स्थितीत तो कोणत्या टेबलावर किती दिवस होता हेही दिसतं. त्याची प्रत जोडा. ३ ते १६ जून तो पहिल्याच टेबलावर असेल, तर बदल्यांचे विनियमन आणि विलंबास प्रतिबंध करणाऱ्या २००५ च्या अधिनियमातलं कलम १० त्याला लागतं. कोणतीही फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहता कामा नये, असं ते सांगतं. शनिवार-रविवार वगळले तरी सात दिवस उलटलेच.

प्रथम अपील अधिकाऱ्यांनी ३० दिवसांत निर्णय द्यायचा असतो. आदेश विरुद्ध गेला तर ३० दिवसांत दुसरं अपील करा. आदेशच आला नाही, तर पहिल्या अपिलापासून ४५ दिवस झाल्यावर दुसरं अपील करता येतं. त्यानंतर कलम १८ खाली राज्य लोकसेवा हक्क आयोगाकडे जाता येतं, तिथली मुदत ६० दिवसांची. तुमच्या दाखल्यासाठी तिथवर जावं लागेल असं मला वाटत नाही.

शास्ती किमान ५०० आणि कमाल ५,००० रुपये असते, अधिकाऱ्याच्या पगारातून वसूल होते आणि सरकारकडे जमा होते. तुम्हाला त्यातला रुपयाही मिळणार नाही, शिष्यवृत्ती हुकली तरी या कायद्यात भरपाई नाही. मध्य प्रदेशच्या २०१० च्या कायद्यात शास्तीतून अर्जदाराला भरपाई देता येते. आपल्याकडे ती तरतूद घ्यायला हवी होती, असं माझं मत.

म्हणून शिष्यवृत्तीची शेवटची तारीख वेगळी सांभाळा. अपील केल्याने ती थांबत नाही. अर्जाची पावती आणि अपिलाची पोच जोडून कॉलेजच्या प्राचार्यांना अपील केल्याच्याच दिवशी लेखी पत्र द्या आणि दाखला नंतर सादर करू देण्याची विनंती करा. ‘जुना सोडा, नवा अर्ज टाका, लगेच काढून देतो’ असं कोणी सांगितलं, तर हो म्हणू नका. नवा अर्ज म्हणजे नवा क्रमांक आणि नवे पंधरा दिवस, आणि ३ जूनचा पुरावा तुम्ही स्वतःच बाजूला सारलेला असेल. दाखला मिळाला की त्यावरची सहीची तारीख बघा आणि सुनावणीला त्याची प्रत सोबत न्या.