रात्री नऊनंतर सोसायटीतलं इंटरनेट का बसतं, आणि केबलवाल्यापुढे ते कसं मांडायचं

प्रश्न: आम्ही चिपळूणला राहतो. सोसायटीत सगळ्यांकडे एकाच केबलवाल्याचं इंटरनेट आहे. प्लॅन ५० एमबीपीएसचा. दुपारी मस्त चालतं, रात्री नऊनंतर काहीच उघडत नाही. तो म्हणतो राउटर बदला. चूक नक्की कुणाची आणि तक्रार कशी करायची?

उत्तर:

आधी राउटर बदलायचे पैसे वाचवा. बिघडलेला राउटर दुपारीही त्रास देतो. पावसात फांदी पडून फायबर दबली किंवा महामार्गाच्या कामात तुटली, तर नेट कुठल्याही वेळी जातं आणि बऱ्याचदा फायबर घरात जिथे जोडलेली असते त्या डबीवर, म्हणजे ओएनयूवर, लाल दिवा लागतो. तुमची तक्रार घड्याळाप्रमाणे चालते. म्हणजे केबलवाल्याने वरच्या कंपनीकडून घेतलेली लाइन, जिला ते लोक अपलिंक म्हणतात, ती संध्याकाळी भरून जात असणार.

मी इकडे रत्नागिरी जिल्ह्यात नेटवर्कचंच काम करतो. या भागात लाइन कशी भरते ते एका नमुन्याच्या हिशेबावरून सांगतो. समजा केबलवाल्याची १८० कनेक्शनं आहेत, सगळी ५० एमबीपीएसची, आणि त्याची अपलिंक ३०० एमबीपीएसची आहे. विकलेला वेग झाला ९००० एमबीपीएस, म्हणजे एकास तीस वाटणी. हे ऐकून लोक चिडतात, पण वाटून घेणं ही फसवणूक नाही. दूरसंचार नियामक ट्रायने २००९ मध्ये घरगुती ब्रॉडबँडसाठी एकास पन्नासपर्यंत वाटणी मान्य केली होती. तुमच्या एकट्यासाठी राखून ठेवलेली लाइन घ्यायची म्हटली तर तिचं भाडं कुठल्याही घराला झेपणार नाही. म्हणून “तुम्ही आमचं नेट दहा जणांना विकता” असं म्हणत भांडायला जाऊ नका. तिथे त्याच्याकडे उत्तर तयार असतं.

खरा प्रश्न गर्दीच्या वेळचा आहे. एचडी चित्रपट चालू असला की साधारण ५ एमबीपीएस लागतात. दुपारी पंधरा घरांत काही चालू असेल तर ७५ एमबीपीएस झाले, लाइन रिकामीच. रात्री सत्तर घरांत चालू झालं की ३५० लागतात आणि लाइन आहे ३०० ची. आता कोकणातली गंमत बघा: १८० पैकी कितीतरी फ्लॅट वर्षभर कुलूपबंद असतात आणि केबलवाल्याने लाइन घेताना तेच गृहीत धरलेलं असतं. मे महिन्यात आणि गणपतीत चाकरमानी आले की त्यात आणखी पंचवीस घरं वाढतात आणि मागणी ४७५ वर जाते. मग सगळ्यांचंच अडतं, व्हिडिओ कॉल तर पहिला तुटतो.

हे सिद्ध करायला एका घरातला पुरावा पुरत नाही. वेगवेगळ्या मजल्यांवरच्या चार-पाच घरांनी एकाच दिवशी दुपारी तीनला आणि रात्री साडेनऊला तपासा. घरातलं बाकी सगळं बंद करा आणि लॅपटॉप वायफायवर न ठेवता वायरने राउटरला जोडा, नाहीतर “तुमचं वायफायच खराब आहे” हे ऐकावं लागेल. विंडोजवर ही एक कमांड पुरते:

```
tracert -d 8.8.8.8
```

पहिली ओळ तुमच्या राउटरची, पुढच्या ओळी केबलवाल्याच्या आणि त्याच्या वरच्या कंपनीच्या. समजा दुपारी पहिली ओळ १ मिलिसेकंद, दुसरी ४ आणि शेवटची २५ दाखवते. रात्री पहिली १ च राहते, दुसरी ५, पण तिसरीपासून शेवटपर्यंत सगळ्या १५० च्या आसपास जातात. मग तुमचं घर आणि बिल्डिंगमधली वायर ठीक आहे, कोंडी दुसऱ्या आणि तिसऱ्या ओळींच्या मध्ये आहे. एकाच ओळीचा आकडा मोठा दिसला आणि पुढच्या परत लहान झाल्या तर तिकडे लक्ष देऊ नका. मधला राउटर अशा चाचणीला सावकाश उत्तर देतो, इतकंच. आणखी एक खूण आहे. रात्री यूट्यूब झकास चालतं पण बाकीच्या साइट रडतात, असं असेल तर कोंडी बहुधा केबलवाल्याच्या लाइनवर नसून कंपनीच्याही पुढे आहे, कारण यूट्यूबचा साठा अनेक कंपन्या आपल्याच नेटवर्कमध्ये ठेवतात. तसं असेल तर केबलवाल्याशी भांडून काही उपयोग नाही.

पुरावा हातात आला की सोसायटीच्या लेटरहेडवर एकच पत्र द्या, सेक्रेटरीच्या सहीने, आणि पोच घ्या. वीस जणांनी वीस फोन केले की प्रत्येकाला राउटर रीस्टार्ट करायला सांगून विषय मिटवतात. पत्रात “स्पीड वाढवा” असं मोघम लिहू नका. एकच गोष्ट मागा: गेल्या आठवड्याचा अपलिंकचा ग्राफ. हा ग्राफ बहुतेकांच्या सिस्टीममध्ये असतोच. निरोगी लाइनचा ग्राफ रात्री डोंगरासारखा चढतो आणि उतरतो. भरलेल्या लाइनचा डोंगर वरून सुरीने कापल्यासारखा सपाट दिसतो; नऊ ते साडेअकरा एकाच रेषेवर. तो सपाट माथा दिसला की वाद संपतो. ट्रायच्या सेवा-दर्जा नियमांत गर्दीच्या वेळी लिंकचा वापर ८० टक्क्यांच्या आत असावा असं आहे. म्हणजे ३०० च्या लाइनवर २४० च्या वर गेलं की वाढवायची वेळ झाली. हे वाक्य पत्रात जरूर घाला.

हे सगळं आधी समोर बसून बोला. केबलवाला बहुतेक गावातलाच माणूस असतो आणि त्याला वरची कंपनी महिन्याचे पैसे लावते, तेही समजून घ्या. पण पंधरा दिवसांत हालचाल दिसली नाही तर थांबू नका. बिलावर किंवा पेमेंट ॲपमध्ये ज्या कंपनीचं नाव आहे तिच्याकडे इंटरनेटचं लायसन्स असतं, केबलवाला तिचा फ्रँचायझी असतो. कंपनीच्या कस्टमर केअरकडे तक्रार करून तक्रार क्रमांक घ्या. निकाल लागला नाही किंवा पटला नाही तर त्याच कंपनीच्या अपिलीय प्राधिकरणाकडे अपील करा. त्याला पैसे लागत नाहीत आणि त्यांना ३९ दिवसांत निर्णय द्यावा लागतो. त्यानंतर दूरसंचार विभागाकडे pgportal.gov.in वर जाता येतं किंवा ग्राहक हेल्पलाइन 1915 वर. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये दूरसंचार सेवेच्या तक्रारी ग्राहक मंचात चालतात हे स्पष्ट केलंय, तोही रस्ता मोकळा आहे. ट्रायला थेट पत्र पाठवण्यात वेळ घालवू नका, ते एकेका ग्राहकाची तक्रार सोडवत नाहीत. तहसीलदारांकडेही जाऊ नका. केबल टीव्हीचा कायदा वेगळा, त्यात इंटरनेट येत नाही.

सोसायटीत दुसऱ्या कंपनीला आणायचं ठरलं, तर तिची फायबर बिल्डिंगपर्यंत कुठून येते आणि पुढे कुणाच्या लाइनवर जाते ते आधी विचारा. नाव वेगळं असलं तरी लाइन तीच निघू शकते.

पत्र मात्र आषाढातच द्या. लाइन वाढवायची तर वरच्या कंपनीची मंजुरी लागते, कधी दोन्ही टोकांना मशीनही बदलावं लागतं, त्याला आठवडे जातात. गणपतीच्या चार दिवस आधी पत्र दिलंत तर केबलवाल्याची इच्छा असूनही त्याच्या हातात काही नसेल.