सुपीरियर मेसेंटेरिक : वरची, पण कशाच्या वर?

प्रश्न : आतड्यांना रक्त देणाऱ्या सुपीरियर आणि इन्फीरियर मेसेंटेरिक आर्टरीला मराठीत ‘श्रेष्ठ-कनिष्ठ’ म्हणायचं की ‘वरची-खालची’? वरची म्हटलं, तर ती पार खालच्या अपेंडिक्सला रक्त कशी देते? आणि त्यांच्या वरच्या सीलिॲक धमनीलाच ट्रंक का म्हणतात?

‘वरची-खालची’च. शरीररचनेत सुपीरियर म्हणजे डोक्याकडची. मानपानाचा संबंध नाही. घोटाळा होतो तो पुढे, कारण हे वर-खाली धमनी महाधमनीतून कुठे फुटते त्याचं आहे, ती कुठवर जाते त्याचं नाही. सीलिॲक साधारण छातीच्या बाराव्या मणक्यासमोर फुटते, वरची मेसेंटेरिक तिच्या खाली जेमतेम सेंटिमीटरभर अंतरावर, कमरेच्या पहिल्या मणक्यासमोर आणि खालची तिसऱ्या मणक्यासमोर.

मेसेंटेरिक हा शब्द ग्रीक ‘मेसोस’ (मधला) आणि ‘एन्तेरॉन’ (आतडं) यांवरून आला. आतड्याला पोटाच्या मागच्या भिंतीशी धरून ठेवणारा दुपदरी पडदा म्हणजे मेसेंटेरी. त्या पदरांमधून धमनीच्या फांद्या आतड्यापर्यंत पोचतात. सीलिॲकच्या मुळाशी ग्रीक ‘कोइलिया’, म्हणजे पोट. इथला ट्रंक लोखंडी पेटीचा नव्हे, झाडाचा : एक-दोन सेंटिमीटरचं आखूड खोड आणि लगेच तीन फांद्या, जठर, यकृत आणि प्लीहेकडे जाणाऱ्या. ‘खोड’ हा शब्द इथे चपखल बसतो.

आता अपेंडिक्स. गर्भात आतड्याचा मधला भाग वरच्या मेसेंटेरिकवर पोसला जातो. सहाव्या आठवड्याच्या सुमारास तो नाळेत शिरतो, दहाव्याच्या सुमारास परततो आणि या खटाटोपात त्याच धमनीभोवती २७० अंशांचा फेरा घेतो. शेवटी अपेंडिक्स उजवीकडे खाली जाऊन बसतं, पण धमनी तीच राहते. म्हणून पित्तनलिका लहान आतड्यात उघडते तिथपासून आडव्या मोठ्या आतड्याच्या दोन तृतीयांशापर्यंतचा सगळा पट्टा वरचीचा. त्याआधीचा, जठरासकट, सीलिॲकचा. उरलेला, गुदाशयाच्या वरच्या भागापर्यंतचा, खालचीचा. गंमत म्हणजे या ‘खालची’च्या फांद्या डावीकडे प्लीहेजवळच्या वळणापर्यंत चढतात, अपेंडिक्सपेक्षा कितीतरी वर.

अपेंडिक्सचं दुखणं आधी बेंबीभोवती का जाणवतं, तेही यातच आलं. मधल्या आतड्याच्या वेदना नेणारे तंतू या धमनीच्या सोबतीने जातात आणि मेंदूला ती कळ बेंबीच्या पट्ट्यातली वाटते. सूज पोटाच्या आतल्या अस्तराला टेकली, की मग दुखणं उजवीकडे खाली सरकतं.

दोन मेसेंटेरिकांची हद्द प्लीहेजवळच्या त्या वळणाच्या आसपास भेटते आणि दोघींची टोकं तिथे बारीक असतात. रक्तदाब फार पडला, की आधी मार बसतो तो बहुधा याच वळणाला : डावीकडे कळ येते, मग शौचातून रक्त. नळातलं पाणी कमी झालं की शेवटच्या घराची तोटी आधी कोरडी पडते, तसंच.