चुकीच्या पत्त्यावर गेलेल्या कागदांचं पत्र

ज्या पेशंटांचे कागद आपल्या दवाखान्यातून चुकीच्या घरी गेले, त्यांना द्यायच्या माफीच्या पत्राचा तू पाठवलेला मसुदा वाचला. 'तांत्रिक अडचणीमुळे गैरसोय झाली' हे वाक्य आधी काढ. काय झालं ते सरळ लिही: '12 तारखेला तुमचा डिस्चार्ज कार्डाचा कागद आणि रक्ताचा रिपोर्ट आमच्या चुकीने दुसऱ्याच्या घरी गेला.'

मागे आमच्याकडे असंच झालं होतं. खानापूरच्या पेशंटचं पाकीट निपाणीला गेलं. नाव, आडनाव तेच होतं, पण वडिलांचं नाव कुणी ताडून पाहिलं नाही. मग माफीचं पत्रही त्याच चुकीच्या पत्त्यावर निघालं होतं, कारण कॉम्प्युटरमध्ये पत्ता तोच होता. म्हणून आधी फोन कर, पत्ता विचारून दुरुस्त कर, मगच पत्र टाक.

पत्रात कुठले कागद गेले ते एकेक लिही. मोबाईल नंबर त्यात होता का, आधार होतं का, तेही सांग. पाकीट परत आलं असेल तर फोडलेलं होतं की बंद, ते लिही. आलं नसेल तर 'अजून मिळालेलं नाही' असंच लिही. 'काळजीचं कारण नाही' हे तू ठरवू नकोस, मावशी. ज्याचा आजार शेजाऱ्याला कळला, ते त्यानेच ठरवायचं.

प्रत्येकाला वेगळं पत्र दे, दुसऱ्या पेशंटचं नाव त्यात नको. पाकिटावर विभागाचं नावही नको. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला कन्नड छाप. खाली फोन उचलणाऱ्या माणसाचं नाव, वेळ आणि पुढचं कधी कळवणार ती तारीख घाल.